दवाखान्याची वेळ आणि फी बदलताना रुग्णांसाठी लावायची सूचना

प्रश्न: "मी तालुक्याच्या गावातील एका जनरल प्रॅक्टिसच्या दवाखान्याची व्यवस्था पाहते. डॉक्टर १ जूनपासून सकाळी दुसऱ्या रुग्णालयात जाणार असल्यामुळे आमची सकाळची वेळ ९ ते १ ऐवजी १०.३० ते १.३० होणार आहे आणि संध्याकाळची वेळ ५.३० ते ८.३० ऐवजी ५ ते ९. फी २०० वरून ३०० होईल. सध्या सात दिवसांत परत आल्यास फी घेत नाही, पुढे १०० रुपये घेणार आहोत. सूचना दोनदा लिहून पाहिली. एकदा ती सरकारी परिपत्रकासारखी झाली आणि एकदा माफीनाम्यासारखी. नेमकी कशी लिहावी?"

उत्तर:

आपली अडचण भाषेची आहे असे आपल्याला वाटत असले, तरी माझ्या अनुभवाप्रमाणे ती आधी निर्णयांची असते आणि मग भाषेची. अशी सूचना परिपत्रकासारखी किंवा माफीनाम्यासारखी होते, ती बहुधा काही गोष्टी दवाखान्यातच ठरलेल्या नसतात म्हणून. मग ती पोकळी एक तर "याची सर्वांनी नोंद घ्यावी" अशा वाक्यांनी भरली जाते, नाही तर "नाइलाजास्तव, दिलगीर आहोत" अशा वाक्यांनी. रुग्णाला दोन्हींचा उपयोग नसतो. सूचना वाचताना त्याच्या मनात एवढेच असते की आता मी किती वाजता यायचे, किती पैसे आणायचे आणि मागच्या आठवड्यात फी भरून गेलो त्याचे काय. मी गेली अनेक वर्षे तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस करतो आणि वेळा व फी यांतले बदल अनेकदा केले आहेत, त्यामुळे सूचना लिहिण्याआधी काय ठरवावे लागते हे प्रथम सांगतो आणि नंतर तुमच्या आकड्यांवर पूर्ण मसुदा देतो.

सर्वांत जास्त तक्रारी ज्या गोष्टीवरून होतात ती म्हणजे मधल्या आठवड्यातले रुग्ण. समजा, एका बाईंनी गुरुवारी २८ मे रोजी मुलाला तापासाठी दाखवले, २०० रुपये फी दिली आणि डॉक्टरांनी त्यांना "मंगळवारी परत आणा" असे सांगितले. मंगळवारी म्हणजे २ जूनला त्या येतील, तेव्हा काउंटरवर त्यांना १०० रुपये मागितले गेले तर त्यांच्या दृष्टीने दवाखान्याने शब्द फिरवला, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे, कारण फी देताना त्यांना सात दिवसांचा नियम ठाऊक होता. म्हणून ज्या नियमाखाली फी घेतली त्याच नियमाखाली फेरतपासणी व्हावी, हे तत्त्व मी पाळतो. ते सूचनेत लिहिताना मात्र "जुन्या रुग्णांना जुना नियम लागू राहील" असे मोघम लिहू नये, कारण दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेला माणूसही स्वतःला जुना रुग्णच समजतो आणि त्यात त्याची चूक नाही. तारखा मोजून द्याव्यात. १ जून २०२६ हा सोमवार आहे. शनिवारी २३ मे रोजी दाखवलेल्या रुग्णाचे सात दिवस ३० मेला, म्हणजे बदल लागू होण्याआधीच संपतात. सोमवारी २५ मे रोजी दाखवलेल्याचे १ जूनला संपतात आणि शनिवारी ३० मे रोजी दाखवलेल्याचे ६ जूनला. तुमचा दवाखाना रविवारी बंद असतो असे मी गृहीत धरतो. म्हणजे प्रश्न फक्त २५ ते ३० मे या सहा दिवसांतील रुग्णांचा उरतो. प्रत्येकाचा दिवस वेगळा मोजत बसण्यापेक्षा या सर्वांना ६ जूनपर्यंत फेरतपासणीची फी नाही, असे एका वाक्यात लिहावे. काहींना दोन-चार दिवस जास्त मिळतील, पण काउंटरवर एकदाही वाद होणार नाही.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या. नवीन १०० रुपयांची फेरतपासणी किती दिवसांपर्यंत धरायची, आणि ती फक्त त्याच आजारासाठी की कोणत्याही तक्रारीसाठी? खोकल्यासाठी दाखवून गेलेला रुग्ण पाचव्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून आला तर काय करायचे, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. दोन्ही पद्धती चालतात. मी स्वतः त्याच आजारापुरती मर्यादा ठेवतो आणि सूचनेत तसे लिहितो, मात्र शंका असेल तेथे रुग्णाच्या बाजूने निर्णय द्यावा असे काउंटरवर सांगून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमच्या बदलात एक वैद्यकीय बाजू आहे, जी बहुतेक सूचनांतून निसटते, आणि ती म्हणजे उपाशीपोटी रक्त देण्यासाठी येणारे मधुमेहाचे रुग्ण. सकाळी नऊला दवाखाना उघडत होता तेव्हा हा रुग्ण नऊला रक्त देई, साडेनऊला खाई, साडेअकराला जेवणानंतरचे रक्त देई आणि एकच्या आत दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवून घरी जाई. आता तोच रुग्ण साडेदहाला आला तर अकराला खाईल, दुसरे रक्त एकला देईल आणि अहवाल हातात येईपर्यंत डॉक्टर उठलेले असतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दीड तास जास्त उपाशी राहील. उपाशीपोटी साखर तपासण्यासाठी आठ तासांचे उपाशीपण पुरेसे असते. रात्री आठला जेवणारा माणूस साडेदहापर्यंत चौदा तासांच्या पुढे जातो, आणि त्याने सवयीने सकाळचे इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली असेल तर घाम येणे, हात थरथरणे, चक्कर येणे हे बाकावर बसल्या जागीच सुरू होऊ शकते. म्हणून रक्त घेणारी व्यक्ती तुमच्याकडे सकाळी असेल, तर डॉक्टर साडेदहाला येणार असले तरी रक्त देण्याची वेळ साडेआठची ठेवा आणि ती सूचनेत स्वतंत्र ओळीत लिहा. तशी व्यक्ती नसेल तर ज्या लॅबकडे तुम्ही रुग्ण पाठवता तिच्याशी आधी बोलून घ्या आणि तिथली वेळ लिहा. गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घ्यावे हे मात्र सूचनेत सांगू नये, ते रुग्णागणिक बदलते. तेथे फक्त "आधी विचारून घ्यावे" एवढेच लिहावे.

वेळेबाबत दुसरा घोटाळा असा की "१०.३० ते १.३०" ही डॉक्टरांची वेळ की नाव लावण्याची, हे रुग्णाला कळत नाही. दीडला दहा कमी असताना आलेला माणूस स्वतःला वेळेत आलेला समजतो, आणि आत अजून बारा जण बसलेले असतात. तेव्हा नाव लावण्याची सुरुवात आणि शेवट वेगळा द्या. सकाळच्या नोंदणीचा शेवट एक वाजता ठेवावा असे माझे मत आहे, पण तो तुमच्याकडे एका रुग्णाला सरासरी किती वेळ लागतो आणि बाहेरगावचे किती येतात यावर ठरवावा. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी एसटीने येणारे लोक बाजार आटोपून दुपारी परतीची गाडी धरतात, आणि त्यांना संध्याकाळी नऊपर्यंत दवाखाना उघडा असून काही उपयोग नसतो. त्या दिवसापुरती डॉक्टरांना थोडे आधी येता येत असेल तर तेही सूचनेत यावे. येता येत नसेल तर गप्प राहावे, पण "शक्य झाल्यास लवकर येतील" असे कधीही लिहू नये, कारण लोक ते "येतील" असेच वाचतात.

नऊ ते साडेदहा या वेळेत कुणी छातीत दुखते म्हणून आला तर काय, हे सूचनेत असलेच पाहिजे. इतकी वर्षे नऊला दार उघडे पाहिलेला माणूस घाबरल्यावर सवयीने तुमच्याच दाराशी येणार. त्याला तेथे थांबून वाट पाहायला लावणे धोक्याचे आहे. १०८ या क्रमांकावरची रुग्णवाहिका मोफत आहे. तो क्रमांक आणि गावातील सरकारी रुग्णालयाचे नाव मोठ्या अक्षरांत द्या.

आता फीविषयी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम आहेत. त्यांनुसार डॉक्टरांनी आपली फी व इतर आकार दवाखान्यातील फलकावर स्पष्ट लावायचे असतात. त्यामुळे फीचा आकडा लिहिताना संकोचण्याचे कारण नाही, उलट तो न लिहिणे गैर आहे. याच विनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे, म्हणून फीवाढीच्या जोडीला "अद्ययावत सुविधा", "अनुभवी सेवा" अशी वाक्ये घालण्याचा मोह टाळावा. तसेही ती वाक्ये वाढीव शंभर रुपयांचे समर्थन म्हणूनच वाचली जातात.

जुनी फी लिहावी की नाही यावर मतभेद आहेत. मी लिहितो. २०० चे ३०० झाले हे प्रत्येक रुग्ण मनातल्या मनात मोजणारच असतो, आणि आपणच दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे लपवाछपवीची शंका राहत नाही. कारण देताना वेळेचे कारण द्यावे, कारण त्याने रुग्णाला डॉक्टर कुठे आहेत हे कळते. फीचे कारण मात्र द्यायचेच असेल तर अर्ध्या वाक्यात द्यावे. जागेचे भाडे, वीज, पगार अशी यादी दिली की वाचणारा प्रत्येक बाबीवर मनात वाद घालू लागतो आणि मूळ आकडा बाजूला राहतो. फी कधीपासून बदलली नव्हती ते वर्ष खात्रीने माहीत असेल तर तेवढेच लिहिणे सर्वांत सभ्य. तुम्ही ते कळवलेले नाही, म्हणून मसुद्यात कारण घातलेले नाही.

३०० रुपयांत काय येते आणि काय येत नाही हे लिहिणे मात्र आवश्यक आहे. तपासणी आणि रक्तदाब मोजणे त्यात धरलेले असेल, आणि इंजेक्शन, ड्रेसिंग, ईसीजी यांचे पैसे वेगळे असतील, तर तसे स्पष्ट लिहा. ३०० घेऊन आलेल्या माणसाला ४५० सांगितले गेले, तर त्याचा राग वाढीव फीवर निघतो, ईसीजीवर नाही.

ज्यांना ही वाढ जड जाईल त्यांच्यासाठीही एक ओळ ठेवावी, पण "गरिबांना सवलत" असे शब्द नकोत. कुणीही चारचौघांत स्वतःला गरीब म्हणवून घेत नाही. काउंटरवर विचारायचे तर शेजारी उभी असलेली माणसे ऐकतात. म्हणून "डॉक्टरांना आत सांगावे" असे लिहावे, आणि डॉक्टरांनी खुणेने कळवल्यावर काउंटरवर काहीही न बोलता तेवढीच फी घ्यावी अशी व्यवस्था आधी लावून ठेवावी. डॉक्टरांना हे मान्य नसेल तर ती ओळ गाळा.

हे सर्व ठरले म्हणजे सूचना जवळजवळ आपोआप लिहून होते. तुमच्या आकड्यांवर मी ती अशी लिहीन. जे मी गृहीत धरले आहे, म्हणजे रविवारची सुट्टी, रक्त देण्याची सोय, नोंदणीच्या वेळा, फेरतपासणीची मुदत आणि फीमध्ये काय धरले आहे, ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

दवाखान्याच्या वेळेत आणि फीमध्ये बदल
सोमवार, १ जून २०२६ पासून

नमस्कार. डॉक्टर १ जूनपासून रोज सकाळी दुसऱ्या रुग्णालयात काम पाहणार आहेत. त्यामुळे आपल्या दवाखान्याच्या वेळा पुढीलप्रमाणे राहतील.

सकाळी १०.३० (साडेदहा) ते दुपारी १.३० (दीड). नाव लावण्याची वेळ सकाळी १० ते दुपारी १.
संध्याकाळी ५ ते रात्री ९. नाव लावण्याची वेळ दुपारी ४.३० (साडेचार) ते रात्री ८.३० (साडेआठ).
रविवारी दवाखाना बंद राहील.

उपाशीपोटी रक्त देणाऱ्यांसाठी दवाखाना सकाळी ८.३० (साडेआठ) वाजता उघडेल. त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घ्यावे, हे आधी विचारून घ्यावे.

तपासणीची फी ३०० रुपये राहील (सध्या २०० रुपये). त्याच आजारासाठी सात दिवसांच्या आत परत आल्यास १०० रुपये. इंजेक्शन, ड्रेसिंग आणि ईसीजी यांचे पैसे वेगळे घेतले जातील, त्यांचे दर काउंटरजवळ लावले आहेत.

२५ ते ३० मे या दिवसांत तपासणी करून गेलेल्या रुग्णांकडून ६ जूनपर्यंत त्याच आजाराच्या फेरतपासणीची फी घेतली जाणार नाही.

फीबाबत अडचण असल्यास डॉक्टरांना आत मोकळेपणाने सांगावे.

डॉक्टर नसताना तातडीची गरज पडल्यास वाट पाहत थांबू नये. १०८ वर फोन करावा किंवा थेट सरकारी रुग्णालयात जावे.

नवीन वेळेमुळे काही जणांची गैरसोय होईल याची आम्हाला जाणीव आहे. काही विचारायचे असल्यास काउंटरवर किंवा दवाखान्याच्या फोनवर विचारावे.

(डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा फोन)

"सर्व रुग्णांना कळविण्यात येते की" हे मी मुद्दाम टाळले आहे, कारण त्याने सूचना कुणीच दिलेली नाही असे वाटते आणि परिपत्रकाचा सूर तेथूनच लागतो. सौजन्य "नमस्कार"मध्ये, "आपल्या दवाखान्याच्या" या शब्दांत आणि गैरसोयीच्या एका वाक्यात आहे. त्याहून जास्त घातले की माफीनामा होतो. गैरसोयीचे वाक्य वेळेपुरतेच ठेवले आहे, कारण फीबद्दल दिलगिरी व्यक्त करून तीच फी घेणे वाचणाऱ्याला खटकते. वेळ आकड्यांत आणि कंसात बोलण्याच्या पद्धतीने अशी दोन्ही दिली आहे, कारण वयस्कर माणसे "साडेदहा" ऐकून लक्षात ठेवतात आणि त्यांच्या सोबत आलेली मुले आकडा वाचतात.

सूचना किमान एक महिना आधी, म्हणजे १ मेच्या सुमारास लावा. रक्तदाब आणि मधुमेहाचे नियमित रुग्ण साधारण तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन जातात आणि संपत आल्या की येतात. पंधरा दिवस आधी लावलेली सूचना त्यांच्यातल्या निम्म्यांना दिसतच नाही, आणि नेमके तेच रुग्ण सकाळी नऊला येऊन बसणारे असतात. त्यांच्या फाइलला किंवा औषधाच्या चिठ्ठीला वेळा आणि फी लिहिलेली छोटी चिठ्ठी टाचून द्या.

कागद कुठे लावता हेही पाहा. दवाखान्याचे दार दिवसभर बाहेरच्या भिंतीला टेकून उघडे राहत असेल, तर दाराच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेली सूचना सबंध वेळ भिंतीकडे तोंड करून असते आणि दवाखाना बंद असेल तेव्हाच दिसते. ती बंद असताना आलेल्यांसाठी हवीच, पण दुसरी प्रत बाकावर बसलेल्यांच्या समोर, काउंटरच्या वर, बसल्या जागेवरून वाचता येईल अशा अक्षरांत लावा. शेजारच्या मेडिकल दुकानदाराला आणि लॅबलाही एकेक प्रत द्या, कारण दार बंद दिसले की लोक त्यांनाच विचारतात. गूगल मॅप्सवरील वेळ १ जूनच्या सकाळी बदला, आधी नको.

व्हॉट्सॲपवर कळवणार असाल तर रुग्णांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला इतरांचे नंबर दिसतात आणि कोण कोणत्या दवाखान्यात जातो ही गोष्ट रुग्णाची खासगी आहे. ब्रॉडकास्ट यादी वापरा. तो निरोप ज्यांनी दवाखान्याचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून त्यावर विसंबून कागदी सूचना टाळता येत नाही. निरोपात पूर्ण मसुदा न टाकता वेळा, फी आणि १०८ एवढेच लिहा.

काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक तोंडी वाक्यही ठरवून द्या, कारण बरेच रुग्ण वाचणार नाहीत, विचारतील. "एक तारखेपासून डॉक्टर सकाळी साडेदहाला येतील आणि फी तीनशे होईल. तुम्ही या आठवड्यात दाखवलंय, तुम्हाला सहा तारखेपर्यंत परत फी नाही." यातले दुसरे वाक्य फक्त २५ ते ३० मेच्या रुग्णांना सांगायचे आहे, तेव्हा त्या सहा दिवसांच्या केसपेपरवर लाल शाईने "६ जून" असे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात कुणी बसले असले तरी विचारावे लागणार नाही.

६ जूनच्या संध्याकाळी ही सूचना उतरवा. तिच्या जागी नवीन वेळा, फी, रक्त देण्याची वेळ आणि १०८ एवढाच कायमचा फलक लावा, आणि बाहेरच्या मोठ्या बोर्डावर रंगवलेली ९ ते १ ही वेळ त्याच दिवशी रंगाऱ्याकडून बदलून घ्या.